बारा आमदार, एक वर्ष आणि अनुच्छेद 212

महाराष्ट्र विधानसभेचं 2021चं पावसाळी अधिवेशन अवघ्या दोन दिवसांचं होतं, 5 आणि 6 जुलै. पहिल्याच दिवशी ओबीसींची सांख्यिकीय माहिती केंद्राने राज्याला द्यावी, या ठरावावरून सभागृहात गदारोळ झाला. नाना पटोले यांनी फेब्रुवारीत राजीनामा दिल्यापासून अध्यक्षपद रिकामं होतं आणि आसनावर तालिका अध्यक्ष भास्कर जाधव होते. सभागृहात आणि नंतर दालनात आपल्याशी गैरवर्तन झालं, असं त्यांनी सांगितलं. संसदीय कार्यमंत्री अनिल परब यांनी भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्याचा ठराव मांडला आणि तो आवाजी मतदानाने मंजूर झाला. आमदारांना मुंबई आणि नागपूरच्या विधान भवनाच्या आवारातही यायला बंदी झाली. गैरवर्तन झालंच नाही, हा विरोधी पक्षाचा दावा होता.

कोण खरं बोलत होतं, हे या प्रकरणाच्या अभ्यासासाठी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयालाही लागलं नाही, आणि का लागलं नाही हेच यात शिकण्यासारखं आहे.

मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत शनिवारी राज्यघटना शिकवतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून 'न्यायिक पुनर्विलोकन आणि सत्ताविभाजन' या विषयावर मुलं जी उत्तरं लिहून आणतात, त्यातली निम्मी तरी माँटेस्क्यूपासून सुरू होऊन केशवानंद भारतीवर संपतात. मध्ये अनुच्छेद 13, 32, 226 आणि 50 पेरलेले असतात. चूक काही नसतं, पण त्यात वादच नसतो. दोन सत्ता एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या आणि प्रत्येकीच्या हातात घटनेचाच एक अनुच्छेद आहे, असं चित्र डोळ्यासमोर आल्याशिवाय हा विषय कळत नाही. 'आशिष शेलार विरुद्ध महाराष्ट्र विधानसभा' या निकालात ते चित्र आहे. निकाल 28 जानेवारी 2022चा, न्यायमूर्ती अजय खानविलकर, दिनेश माहेश्वरी आणि सी. टी. रविकुमार यांच्या पीठाचा.

वर्गात हे प्रकरण घेतलं तेव्हा निकाल न सांगता मी फक्त घटना फळ्यावर लिहिली आणि विचारलं, न्यायालय यात पडू शकतं का? लातूरहून आलेल्या एका मुलीने लगेच हात वर केला. "नाही सर. दोनशेबारा एक. विधिमंडळाच्या कामकाजाची वैधता न्यायालयात नेता येत नाही."

हे उत्तर बरेच जण देतात आणि ते अर्धवट आहे. अनुच्छेद 212 च्या पहिल्या खंडात एवढंच म्हटलंय की, कार्यपद्धतीत काही अनियमितता झाली या कारणावरून राज्य विधिमंडळातल्या कामकाजाच्या वैधतेला आव्हान देता येणार नाही. संसदेसाठी हेच अनुच्छेद 122 मध्ये आहे. सगळं वजन 'या कारणावरून' या शब्दांवर आहे. सूचना वेळेत दिली नव्हती, चर्चा आटोपती घेतली, मतविभागणी मागितली तरी आवाजी मतदानावरच भागवलं, अशा तक्रारी घेऊन न्यायालयात गेलात तर दार बंद. सभागृहाने आपलं कामकाज कसं चालवावं हे सभागृहच ठरवणार, सत्ताविभाजनाचा हा सरळ अर्थ. पण सभागृहाने जे केलं ते करण्याचा अधिकारच त्याला नव्हता, किंवा त्याने घटनेचंच उल्लंघन होतं, असं म्हणणं असेल तर ती अनियमितता उरत नाही. तो बेकायदेशीरपणा झाला, आणि बेकायदेशीरपणाला 212 चं कवच नाही.

ही रेघ 2022 मध्ये नव्याने ओढलेली नाही. 1964 साली उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंह नावाच्या कार्यकर्त्याला विशेषाधिकारभंगासाठी तुरुंगात धाडलं आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाने त्याला जामीन दिला. त्यावर विधानसभेने त्या दोन न्यायाधीशांनाच ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करण्याचा हुकूम काढला. मग उच्च न्यायालयाच्या 28 न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या हुकमाला स्थगिती दिली. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की राष्ट्रपतींनी अनुच्छेद 143 खाली सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सात जणांच्या पीठाचं मत सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिलं. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आणि आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे लॉ कॉलेज रस्त्याने रोज जाणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव परकं वाटायचं कारण नाही. त्या मतात म्हटलं होतं की आपल्याकडे सार्वभौम आहे ती घटना. ब्रिटिश संसदेसारखं अमर्याद सार्वभौमत्व आपल्या विधिमंडळांना नाही.

पुढे 2005 साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून 11 खासदारांची हकालपट्टी झाली, लोकसभेचे 10 आणि राज्यसभेचा 1. 'राजा राम पाल' खटल्यात 2007 मध्ये घटनापीठाने बहुमताने सांगितलं की सभागृहाला हकालपट्टीचा अधिकार आहे, मात्र घोर बेकायदेशीरपणा किंवा घटनाबाह्यता असेल तर न्यायालय तपासू शकतं. खासदार हरले, तरी न्यायालयाची तपासणीची वाट मोकळी राहिली. मुलं या खटल्याचा निकाल पाठ करतात आणि ही दुसरी गोष्ट विसरतात.

राजा राम पालमधूनच बारा आमदारांच्या प्रकरणातली खरी अडचण निघते. सभागृहाला सदस्याची कायमची हकालपट्टी करता येते, मग एका वर्षाचं निलंबन का करता येऊ नये? मोठ्या अधिकारात छोटा अधिकार आलाच की. राज्याच्या बाजूचा युक्तिवाद असाच होता: अनुच्छेद 194 खाली सभागृहाला अंगभूत अधिकार आहेत, शिस्त लावण्याची मुदत किती ठेवायची हा सभागृहाचा प्रश्न. युक्तिवाद वजनदार आहे. उत्तरपत्रिकेत तो आधी नीट मांडल्याशिवाय न्यायालयाच्या उत्तराला धार येत नाही.

न्यायालयाने सुरुवात केली ती निलंबन कशासाठी असतं इथून. महाराष्ट्र विधानसभेच्या नियमांतला नियम 53 पायरीपायरीने जातो. कोणी घोर बेशिस्त वर्तन केलं, तर अध्यक्ष त्याला ताबडतोब बाहेर जायला सांगू शकतात आणि त्याने त्या दिवसाच्या उरलेल्या बैठकीत येऊ नये. त्याच अधिवेशनात दुसऱ्यांदा तशी वेळ आली, तर जास्तीत जास्त उरलेल्या अधिवेशनापुरतं दूर ठेवता येतं. त्यापुढची पायरी नियमात नाही.

इथे एक बारीक मुद्दा आहे. नियम 53 अध्यक्षांच्या अधिकाराबद्दल आहे आणि या आमदारांना निलंबित केलं होतं सभागृहाने, ठराव करून. म्हणून 'नियम 53 मोडला म्हणून निलंबन रद्द' असं एका ओळीत लिहिणं बरोबर नाही. तसं लिहिलं की समोरचा लगेच म्हणेल, नियम मोडणं ही तर कार्यपद्धतीतली अनियमितता, आणि आपण पुन्हा 212 च्या भिंतीवर जाऊन आदळतो. नियमातून न्यायालयाने घेतला तो हेतू. गोंधळ थांबावा आणि कामकाज पुढे चालावं, हा निलंबनाचा हेतू. आज गोंधळ झाला म्हणून आज बाहेर, फार तर हे अधिवेशन संपेपर्यंत बाहेर. अधिवेशन संपल्यावर ज्या सभागृहाची शांतता राखायची तीच बैठक उरत नाही. तिथून पुढचं निलंबन शिस्तीचं राहत नाही, ती शिक्षा होते. हेतूशी नातं तुटलेली कृती न्यायालयाने अतार्किक आणि अधिकाराबाहेरची ठरवली.

मग 'मोठ्यात छोटं' या युक्तिवादाचं काय? न्यायालयाने म्हटलं, एक वर्षाचं निलंबन हकालपट्टीपेक्षा, अपात्रतेपेक्षा, राजीनाम्यापेक्षाही वाईट आहे. वर्गात यावर बराच वेळ गेला, कारण ऐकायला हे उलटंच वाटतं. शेवटी बार्शीच्या एका मुलाने ते सोडवलं. तो म्हणाला, "सर, अभ्यासिकेतून एखाद्याला काढून टाकलं तर त्याची जागा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला मिळते. पण त्याला वर्षभर यायची बंदी आणि टेबलावर नाव मात्र त्याचंच, तर तो टेबल वर्षभर रिकामा. बाहेर वेटिंग लिस्ट असली तरी." एका जागेसाठी महिनोन्महिने थांबलेल्या पोरांना आणखी समजावून सांगावं लागलं नाही.

हकालपट्टी झाली की जागा रिक्त होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 151अ नुसार रिक्त जागा 6 महिन्यांच्या आत पोटनिवडणुकीने भरायची असते. याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ सदस्याची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असली तर. निलंबनात जागा रिक्तच होत नाही, म्हणून पोटनिवडणूकही नाही. त्या 12 मतदारसंघांच्या वतीने वर्षभर विधानसभेत कोणी बोलणार नाही आणि दुसरा कोणी निवडूनही देता येणार नाही. शिक्षा आमदाराला आणि भोगणार मतदार. न्यायालयाने याच्या जोडीला आणखी एक धोका सांगितला: काठावरचं बहुमत असलेलं किंवा आघाडीचं सरकार विरोधकांची संख्या या मार्गाने हवी तशी कमी करू शकेल. हा मुद्दा कोणत्याही पक्षाच्या सरकारला लागू पडतो. उत्तरात पक्षांची नावं न घेता तो लिहिला तरी चालतो, किंबहुना तसाच लिहावा.

सुनावणीत अनुच्छेद 190 च्या चौथ्या खंडाचाही विषय निघाला होता. परवानगीशिवाय 60 दिवस सभागृहाच्या सर्व बैठकांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त घोषित करू शकतं, अशी ती तरतूद आहे. तिच्याबद्दल बाजारातल्या नोट्समध्ये '60 दिवसांनी जागा आपोआप रिक्त होते' असं बेधडक छापलेलं असतं. आपोआप काही होत नाही, सभागृहाला घोषित करावं लागतं आणि तेही ऐच्छिक आहे. शिवाय सत्रसमाप्ती झालेला काळ आणि सलग 4 दिवसांहून जास्त तहकुबीचा काळ या 60 दिवसांत धरत नाहीत. आपल्याकडे अधिवेशनं किती दिवस चालतात ते पाहिलं, तर 60 मोजेपर्यंत कॅलेंडर उलटून जाईल. पूर्वपरीक्षेच्या पर्यायांत 'आपोआप' हा शब्द दिसला की थांबायचं. इथे या खंडाचा उपयोग एवढाच की मतदारसंघ किती काळ प्रतिनिधीविना राहू शकतो, याचा अंदाज घटना आणि कायदा कसा बांधतात ते त्यातून दिसतं.

आता न्यायालय कुठे थांबलं ते पाहू. आमदार दोषी की निर्दोष, याबद्दल त्याने काही म्हटलं नाही. संपूर्ण निलंबनही उडवलं नाही. जुलै 2021 च्या अधिवेशनाच्या उरलेल्या काळापलीकडे जाणारा भाग तेवढा घटनाबाह्य आणि शून्यवत ठरवला. अधिवेशन दोनच दिवसांचं असल्याने निलंबन 6 जुलैपर्यंत टिकलं आणि त्यानंतरच्या काळापासून ते सगळे आमदार म्हणून मिळणाऱ्या लाभांना पात्र ठरले. निकालपत्राच्या शेवटी लोकप्रतिनिधींच्या सभागृहातल्या वर्तनावर नाराजीही आहे.

वर्गातल्या दोघांना हे थांबणं मिळमिळीत वाटलं. मला तोच या निकालाचा सर्वांत नीटस भाग वाटतो. शिस्तभंग झाला का, हे ठरवणं सभागृहाचं काम, तिथे न्यायालयाने हात घातला नाही. शिस्तीच्या नावाखाली अधिकार किती लांब ताणता येतो, हा घटनेचा अर्थ लावण्याचा प्रश्न, तिथे माघार घेतली नाही. एकाच ठरावातून रेघ गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन सत्ता आपापल्या जागी राहिल्या. 'भारतात सत्ताविभाजन काटेकोर नाही, पण ते घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे' हे वाक्य सगळेच लिहितात. त्याखाली हा एक परिच्छेद आला तर लिहिणाऱ्याला वाक्याचा अर्थ कळलाय हे परीक्षकाला दिसेल.

पुनर्विलोकनाची मर्यादाही इथे दिसते. डिसेंबर 2021 चं हिवाळी अधिवेशन निकालाच्या आधीच होऊन गेलं होतं आणि हे 12 जण त्यात नव्हते. भत्ते मागाहून मिळतात. न विचारलेले प्रश्न आणि न दिलेली मतं मागाहून मिळत नाहीत. न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली असती तर हे टळलं असतं, पण सभागृहाच्या ठरावाला सुनावणीआधीच स्थगिती देण्यात न्यायालयं हात आखडता घेतात, आणि त्यामागेही सत्ताविभाजनाचाच विचार असतो.

निकाल समजला की नाही, हे तपासायला मी पुढची प्रकरणं देतो. डिसेंबर 2023 मध्ये संसदेतून 146 खासदार निलंबित झाले, बहुतेक जण उरलेल्या हिवाळी अधिवेशनापुरते. शेलार निकालाने हे रद्द होईल का? आकडा पाहून अनेकांनी 'होय' लिहिलं. पण त्या निकालाने घातलेली मर्यादा काळाची आहे, आणि उरलेलं अधिवेशन त्या मर्यादेत बसतं. लोकसभेचा नियम 374अ तर आणखी आखूड आहे: सलग 5 बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यातलं जे कमी असेल ते. एवढ्या संख्येने विरोधक बाहेर असताना विधेयकं मंजूर व्हावीत का, हा गंभीर प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर या निकालात शोधायला जाऊ नये. त्याच वेळी काहींचं निलंबन विशेषाधिकार समितीचा अहवाल येईपर्यंत होतं, म्हणजे मुदत ठरलेलीच नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये राघव चढ्ढा यांचं राज्यसभेतलं निलंबन असंच होतं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, पण 4 डिसेंबरला सभागृहानेच निलंबन मागे घेतलं. शेलार निकाल टोचतो तो अशा बेमुदत निलंबनाला.

दुसरं प्रकरण बिहारचं. मुख्यमंत्र्यांची नक्कल केल्यावरून विधान परिषदेचे सदस्य सुनील कुमार सिंह यांची जुलै 2024 मध्ये हकालपट्टी झाली. 25 फेब्रुवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. वर्तन अयोग्य होतं हे न्यायालयाने मान्य केलं, पण शिक्षा वर्तनाच्या मानाने जास्त आहे असं म्हटलं आणि बाहेर काढलेला सुमारे 7 महिन्यांचा काळ निलंबन म्हणून धरला. इथे हुशार मुलं बरोबर अडतात: 2022 मध्ये अधिवेशनापलीकडचं निलंबन चालत नाही म्हणाले, मग 2025 मध्ये सात महिन्यांचं कसं चाललं? मला ही विसंगती पूर्ण मिटवता येत नाही. मात्र बिहारमध्ये न्यायालय सभागृहाचा अधिकार मोजत नव्हतं. आधीच भोगून झालेल्या शिक्षेचं काय करायचं ते ते ठरवत होतं, आणि त्यासाठी अनुच्छेद 142 खालचा पूर्ण न्यायाचा अधिकार त्याने वापरला. अधिकाराची मर्यादा आणि शिक्षेची प्रमाणबद्धता या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, एवढं लिहून विसंगती तशीच दाखवली तरी उत्तर भक्कम होतं.

वर्ग सुटताना त्याच लातूरच्या मुलीने विचारलं, "सर, उद्या पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने एखाद्या नगरसेवकाला वर्षभरासाठी निलंबित केलं तर?" मी म्हटलं, तिथे 212 आधी खोडून टाका. तो अनुच्छेद राज्य विधिमंडळासाठी आहे आणि 194 चे विशेषाधिकारही विधिमंडळाचे आहेत. महापालिका म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने निर्माण झालेली संस्था, अनुच्छेद 12 खालचं 'राज्य'. तिला अंगभूत असं काही नसतं. सभेला नगरसेवक बाहेर ठेवण्याचा अधिकार कायद्यात जेवढ्या मुदतीपुरता लिहिलेला असेल तेवढाच, आणि तो ओलांडला तर नगरसेवक अनुच्छेद 226 खाली थेट मुंबई उच्च न्यायालयात जाईल. तिथे कार्यपद्धतीतली अनियमितताही मांडता येईल, सुनावणी दिली नाही हेही मांडता येईल. "म्हणजे आमदारापेक्षा नगरसेवकाला न्यायालयात जाणं सोपं?" तिने विचारलं. या बाबतीत, हो.